शेवटची ताकीद, चौथ्यांदा

वाकडचा तुमचा टू-बीएचके तुम्ही एका सभ्य आयटीवाल्याला आणि त्याच्या बायकोला राहायला दिलात. लिव्ह अँड लायसन्स, महिना २६ हजार. बायको अजून गावाहून आलेली नाही. तिच्या जागी चार मुलं आली आहेत, दोन हॉलमध्ये आणि दोन आतल्या खोलीत, कॉट बेसिसवर, डोईला आठ हजार. म्हणजे ३२ हजार जमवून, तुमचे २६ तुम्हाला देऊन, गृहस्थ मास्टर बेडरूममध्ये फुकट राहतो आणि वर सहा हजार खिशात घालतो. त्याला मॅनेजमेंटचं शिक्षण आहे हे तुम्ही निवड करतानाच ऐकलं होतं.

एकदा फोनवर ओरडून झालं. दोनदा व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडून झालं. आता लेखी अंतिम ताकीद द्यायची आहे. ती अशी द्या की पुढच्या वर्षीही देता येईल.

त्यासाठी पहिलं पथ्य म्हणजे करारनामा उघडायचा नाही. नोंदणीच्या दिवशी एजंटने बोटाचा ठसा घेतला तेव्हा वाचला नाहीत, मग आताच काय घाई? पत्रात नुसतं ‘आपण कराराचा भंग केला आहे’ असं लिहा. करार उघडलात तर बहुधा त्यात दोन कलमं सापडतील आणि घोटाळा होईल. एक सांगतं की जागा फक्त लायसेन्सी आणि त्याच्या कुटुंबाच्या राहण्यासाठी आहे, दुसऱ्या कोणाला तिथे ठेवायचं नाही किंवा ताबा द्यायचा नाही. दुसरं बरंच खाली दडलेलं असतं: अटींचा भंग झाला तर मालक एक महिन्याची लेखी नोटीस देऊन लायसन्स रद्द करू शकतो. पहिलं कलम गुन्हा सांगतं, दुसरं त्याचं फळ. दोन्ही लिहिलीत तर पत्राला दात येतात. म्हणून फार तर पहिलं लिहा.

कायद्याचा धाक दाखवायची हौस असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २४ ठळक अक्षरात छापा. दुप्पट नुकसानभरपाई, सक्षम प्राधिकारी, सगळं त्यात आहे. फक्त ते कलम लायसन्सची मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्यासाठी आहे आणि तुमच्या माणसाचे सात महिने बाकी आहेत, हे लिहू नका. त्याला कळेलच. चार कॉटपैकी एकीवर एलएलबीचा विद्यार्थी असतो, हा पुण्याचा नियम आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५६ कडे तर बघूच नका. वेगळं काही ठरलं नसेल तर लायसन्स दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, असं ते सांगतं. अपवाद एकच, करमणुकीच्या जागी प्रवेशाचा परवाना. नाटकाचं तिकीट मित्राला देता येतं, तुमचा टू-बीएचके नाही.

आरोप ‘पोटभाडेकरू ठेवले’ असाच करा. त्याचा फायदा असा की पैसे घेतले जातात हे दाखवायची जबाबदारी तुम्ही आपण होऊन डोक्यावर घेता. पैसे रोख घेतले जातात आणि विचारलं तर चौघेही आतेभाऊ निघतात. चार आतेभाऊ, आडनावं पाच. करारातलं कलम मात्र पैशांचा विषयच काढत नाही. बाहेरचा माणूस राहायला ठेवला की भंग झाला, आतेभाऊ असला तरी. एवढी सोपी वाट घेतलीत तर भांडण लवकर संपेल, म्हणून ती टाळा.

पुरावा गोळा करणं तर अगदीच अशोभनीय. ‘कॉट अव्हेलेबल, वाकड’ या जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट काढू नका. सोसायटीच्या ऑफिसात गेटच्या नोंदी मागू नका. करारात आगाऊ सूचना देऊन पाहणीचा हक्क लिहिलेला असतो, तोही वापरू नका. त्यापेक्षा रविवारी सकाळी सातला तुमच्याकडच्या किल्लीने दार उघडून आत शिरा. मग चर्चा पोटभाडेकरूंची राहत नाही, तुमच्या घुसखोरीची होते.

खालच्यासारखं पत्र मात्र चुकूनही पाठवू नये. आकडे तुमच्या करारात वेगळे असतील.

‘दि. ३ नोव्हेंबर २०२५. विषय: कलम ७ च्या वारंवार भंगाबद्दल अंतिम लेखी ताकीद. आपल्यातील नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराच्या कलम ७ नुसार सदर सदनिका फक्त आपण व आपली पत्नी यांच्या राहण्यासाठी असून अन्य कोणासही तेथे ठेवण्यास वा ताबा देण्यास मनाई आहे. १४ ऑगस्ट व २२ सप्टेंबरच्या संदेशांत हे आपल्या नजरेस आणले होते. पूर्वसूचना देऊन १ नोव्हेंबर रोजी केलेल्या पाहणीत तेथे चार अन्य व्यक्ती राहत असल्याचे आढळले. त्यांनी १८ नोव्हेंबरपर्यंत सदनिका सोडावी. १९ नोव्हेंबर रोजी सकाळी ११ वाजता पुन्हा पाहणी होईल. भंग चालू असल्याचे आढळल्यास कलम १३ नुसार लायसन्स रद्द करण्याची एक महिन्याची नोटीस देण्यात येईल. दरम्यान स्वीकारलेली लायसन्स फी ही या भंगास संमती समजू नये.’

बघा, किती रुक्ष. संताप नाही, ‘माणुसकी’ नाही, ‘आमच्या वडिलांनी घाम गाळून’ नाही. नुसत्या तारखा. शिवाय १९ तारखेला अकरा वाजता तुम्हाला स्वतः जावं लागणार. असलं पत्र टपालाने पाठवलंत तर पोच राहते. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, हे कारण आयतं आहे. ‘आता रजिस्टर एडी कुठे राहिलं’ म्हणा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच भागवा. शक्यतो मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू ठेवून.

आता खरी कला पत्रानंतरची. १८ तारीख येऊन जाऊ द्या, काहीही करू नका. पाच डिसेंबरला २६ हजार यूपीआयने येतील, ते मुकाट घ्या. वरच्या पत्रातली शेवटची ओळ तुम्ही लिहिलेली नाही, त्यामुळे ‘मालकाला सगळं माहीत होतं आणि तरी पैसे घेत होते’ असं म्हणायची त्याची सोय होते. यापुढची पायरी चढायची असेल तर एका कॉटवाल्याकडूनच थेट आठ हजार खात्यावर घ्या. ज्याला तुम्ही अनोळखी घुसखोर म्हणता त्याचं नाव तुमच्या बँकेच्या पासबुकात छापून येईल. एवढा भक्कम पुरावा त्याला स्वतःला जन्मात जमवता आला नसता.

तरीही चौघे हलले नाहीत तर पाणी तोडा. पत्रभर त्या माणसाला ‘भाडेकरू’ आणि फीला ‘भाडं’ म्हटलं आहेच तुम्ही. भाडेकरूचं पाणी, वीज तोडायला त्याच १९९९ च्या कायद्याचं कलम २९ मनाई करतं. तो पोलीस चौकीत जाईल तेव्हा तुमचंच पत्र सोबत नेईल, सहीशिक्क्यासकट.

मुदत संपायला महिना उरला की एजंटचा फोन येईल: पार्टी चांगली आहे, पैसे वेळेवर येतात, पाच टक्के वाढ देतो म्हणतोय. हो म्हणा. नवा करार जुन्याच मजकुरावर करा. राहणाऱ्यांची नावं कलमात लिहून घेऊ नका, पाहणी महिन्यातून किती वेळा ते ठरवू नका, आधीच्या भंगाचा उल्लेख तर अजिबात नको. दुसऱ्या दिवशी त्याने कॉटचा दर साडेआठ हजार केला तर ओरडू नका, पाच टक्के त्यालाही कुठून तरी काढायचे आहेत.