"म्यूट कर ना, विषय संपला"

परवा रात्री साडेअकरा, ऑनलाइन शूटिंग गेम, स्कोअर १०-११. पाच विरुद्ध पाच, जो आधी १३ राऊंड घेईल तो जिंकला. अख्खी मॅच मी गप्प होते. एका राऊंडला राहवलं नाही म्हणून माईकचं बटण दाबलं आणि बोलले, "बी वर दोघं, एक वन शॉट आहे." शत्रू बी या ठिकाणी, त्यातला एक एका गोळीत मरेल, एवढाच कॉल. दोन सेकंद शांतता, मग एक आवाज: "अरे, मुलगी आहे रे!" दुसरा म्हणाला, इन्स्टा दे. पुढच्या राऊंडला माझा नेम चुकला, तर पहिल्याला लगेच स्वयंपाकघर आठवलं. आयडी बॉयफ्रेंडचा असणार, हेही त्याने ठरवून टाकलं. बाकीचे दोघं काही बोलले नाहीत.

ही गोष्ट कुणालाही सांगा, उत्तर ठरलेलं: म्यूट कर ना, विषय संपला. मी केलंही. पण त्या दोघांना म्यूट केलं म्हणजे "मागून येतोय" हा त्यांचा कॉलही मला ऐकू येत नाही. मी स्वतः बोलायचं थांबवलं तर माझा कॉल टीमला मिळत नाही. म्हणजे शिव्या त्यांनी द्यायच्या आणि अर्धी बहिरी होऊन मी खेळायचं. आम्ही १०-१३ हरलो. हरण्याचं खापर अर्थात माझ्यावर फुटलं.

यावर अमेरिकेत जुने प्रयोग झालेत. हेलो ३ या शूटिंग गेमच्या ऑनलाइन सामन्यांत संशोधकांनी आधीच रेकॉर्ड केलेली तीच ती वाक्यं कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या आवाजात वाजवली, कधी काहीच वाजवलं नाही. बाईच्या आवाजाला जवळपास तिप्पट वाईट बोलणी बसली. २०१५ मध्ये त्याच सामन्यांकडे पुन्हा बघितलं तर गंमत अशी निघाली, की जास्त खवळणारे गडी खेळात कच्चे होते. पुरुषाच्या आवाजापुढे तेच कच्चे गडी नमतं घेत होते. स्कोअरबोर्डवर आपल्या खाली असलेला पोरगा पहिला का बोलतो, हे मला तेव्हा कळलं.

अनोळखी लॉबीत, म्हणजे गेमनेच जमवलेल्या परक्या खेळाडूंत, आपला फारसा इलाज चालत नाही. रिपोर्ट केला तरी कारवाई बहुतेक वेळा मॅचनंतरच होते, तोवर रात्र वाया गेलेली असते. तिथे उपयोग होतो तो फक्त तिसऱ्या-चौथ्या खेळाडूचा. भाषण नको. "भावा, फक्त कॉल्स दे" एवढं एका मुलाने म्हटलं तरी बहुतेक वेळा त्रास देणारा गप्प होतो, कारण त्याला हवे असलेले प्रेक्षक मिळत नाहीत. मी तेच म्हटलं तर मात्र आगीत तेल.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आपला स्वतःचा सर्व्हर, म्हणजे ग्रुप, असेल तर मात्र खूप काही करता येतं. आमच्या पुण्याच्या सर्व्हरवर दर शनिवारी दहा जणांची कस्टम लॉबी असते. पूर्वी नियम होता "सगळ्यांचा आदर ठेवा", आणि त्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. आता लिहिलंय: कुणाचा आवाज, दिसणं, इन्स्टा, बॉयफ्रेंड यावर लॉबीत बोलायचं नाही, आणि मॅचनंतर डीएममध्येही नाही. डीएमचं मुद्दाम घातलं, कारण खरा त्रास तिथेच सुरू होतो. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सर्व्हरच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मेंबर्सचे डीएम बंद कसे करायचे ते दाखवतो.

दुसरं म्हणजे, होस्ट स्वतः व्हॉइसमध्ये बसतो. डिस्कॉर्ड व्हॉइस चॅनल रेकॉर्ड करून ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार आली की "मी असं बोललोच नाही" आणि "मस्करी होती" यातच तासभर जातो. होस्टने स्वतः ऐकलं असेल तर पुरावा मागायची वेळ येत नाही. एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा आठवड्याचा टाइमआउट. त्या काळात ना बोलता येतं ना लिहिता येतं. पहिला टाइमआउट आमच्या सगळ्यात जास्त किल घेणाऱ्या फ्रॅगरला बसला. तीन जण रागावून त्याच्यासोबत निघून गेले. (दोघं परत आले.)

कॅप्टनने एकेक गडी निवडायची पद्धतही बंद केली. मुली कायम शेवटी उरायच्या, रँक काहीही असो. आता रँक बघून टीम पाडतो. आणि "खरंच मुलगी आहेस का, व्हॉइस नोट पाठव" हे कुणालाच विचारायचं नाही, अगदी मुलींच्या वेगळ्या चॅनलसाठीसुद्धा. खोटं बोलून एखादा घुसेल, तो पकडला की काढू. त्यासाठी दहा जणींची परीक्षा कशाला?

एक मुलगी दोन महिने चॅटमध्ये टाइप करूनच कॉल द्यायची. टाइप होईपर्यंत माणूस मेलेला असायचा. गेल्या शनिवारी तिचा माईक पहिल्यांदा वाजला: "ए वर तीन." कुणीतरी "आलो" म्हणालं आणि धावलं. तो राऊंड आम्ही हरलोच, तिघंही दबा धरून बसले होते.