व्यसनी म्हटलं की कोर्ट सोडून देतं? कलम ६४-अ नीट वाचा

"ड्रग्जच्या केसमध्ये मोठी पळवाट आहे. पकडल्यावर फक्त 'मी व्यसनी आहे' म्हणायचं, कोर्ट जेलऐवजी उपचाराला पाठवतं. डीलर पण असेच सुटतात. घेणारा आणि विकणारा एकच, दोघांनाही दहा वर्षं टाका. आणि घरात कोणी घेत असेल तर दवाखान्यात नेऊ नका, डॉक्टर लगेच पोलिसांना कळवतात. सगळ्यांना पाठवा."

हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. तिचा मुलगा दोन वर्षं गर्द ओढतो. महत्प्रयासाने त्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं आणि शेवटचं वाक्य वाचून तिने ते रद्द केलं. तीन आठवडे तो घरात कुढत पडून राहिला. मी फौजदारी वकिली करते, अशा केसेस रोज बघते, तरी मला हे तीन आठवड्यांनी कळलं. म्हणून शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात (कलम ६४-अ याच कायद्यातलं) उपचार घ्यायला आलेल्या माणसाची पोलिसांना खबर देण्याचं कुठलंही बंधन डॉक्टरवर नाही. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात, आणि त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायची असते. अर्धं सत्य एवढंच, की कोणी जास्त डोसने बेशुद्ध होऊन आला तर रुग्णालय ती विषबाधेची केस म्हणून पोलिसांना कळवू शकतं. ओपीडीत 'मला सोडायचंय' म्हणून आलेल्या मुलाची गोष्ट ती नव्हे.

आता त्या 'पळवाटे'बद्दल. कायद्यात दोन दारं आहेत आणि दोन्ही अरुंद आहेत. एक उदाहरण घेऊ. बावीस वर्षांचा मुलगा, खिशात ३ ग्रॅम ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, भेसळीचं हेरॉइनच. हेरॉइनसाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे अल्प प्रमाण, आणि २५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण. ३ ग्रॅम बाळगल्याबद्दल कलम २१ च्या पहिल्या भागात जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सेवनासाठी कलम २७ लागलं तर हेरॉइनला त्यातही एक वर्षापर्यंत कैद, दंड वीस हजारांपर्यंत. हा मुलगा कलम ६४-अ खाली सांगू शकतो की मला स्वेच्छेने उपचार घ्यायचे आहेत. उपचार सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या, किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या रुग्णालयात वा संस्थेत व्हायला हवेत. त्याने ते खरोखर घेतले तर त्या आरोपांवर खटला चालत नाही. मध्येच सोडून पळाला तर हे संरक्षण काढून घेता येतं आणि केस पुन्हा उभी राहते.

दुसरं दार कलम ३९. ते दोषी ठरल्यानंतरचं आहे. आरोपीचं वय, वर्तन, आधीचा इतिहास, शारीरिक-मानसिक अवस्था बघून न्यायालय शिक्षा लगेच न सुनावता, त्याच्या संमतीने, बंधपत्रावर त्याला उपचारासाठी सोडू शकतं. जास्तीत जास्त एका वर्षात उपचाराचा अहवाल कोर्टासमोर आणावा लागतो. अहवाल समाधानकारक वाटला तर ताकीद देऊन, पुन्हा असा गुन्हा न करण्याच्या, तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सोडतात. बंधपत्र मोडलं तर शिक्षा ऐकायला परत यावं लागतं. यात कुठे सूट दिसते, मला तर दिसत नाही.

आता त्याच मुलाच्या खिशात ३ ऐवजी ६ ग्रॅम ठेवा. स्वतःसाठी आठवड्याचा साठा घेऊन ठेवलाय, विकणं त्याच्या मनातही नाही, तरी दोन्ही दारं बंद. शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत. आणि वजन शुद्ध हेरॉइनचं धरत नाहीत. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की भेसळीसह सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणजे विकणाऱ्याने वजन वाढवायला जे मिसळलं तेही घेणाऱ्याच्या माथी. "दोघांनाही दहा वर्षं टाका" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. व्यसनी माणूस त्या दहा वर्षांच्या कलमात आधीच अडकतोय, तेही एका-दोन ग्रॅमच्या फरकाने.

नुसतं म्हटल्याने कोणी व्यसनी ठरतही नाही. कायद्याच्या व्याख्येत व्यसनी म्हणजे पदार्थावर अवलंबून असलेली व्यक्ती. शनिवारी पार्टीत घेणारा त्यात बसत नाही. लघवीची तपासणी फक्त घेतलंय एवढं सांगते, अवलंबून आहे की नाही हे सांगत नाही. गर्दच्या बाबतीत शरीर खोटं बोलू देत नाही. शेवटच्या डोसनंतर आठ ते चोवीस तासांत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, विस्फारलेल्या बाहुल्या, पोटात कळा सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत त्रास कळसाला पोहोचतो. डॉक्टरांना हे नोंदवता येतं. एमडी, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगच्या बाबतीत मात्र इतकी ठळक शारीरिक लक्षणं नसतात, तिथे इतिहास आणि घरच्यांची माहितीच महत्त्वाची. म्हणून अटकेनंतर पहिल्याच वैद्यकीय तपासणीत ही लक्षणं लिहून घ्या असं मी प्रत्येक घरच्यांना सांगते. महिन्याभराने शरीर शांत होतं आणि मग सिद्ध करायला हातात काही उरत नाही.

डीलर सुटतात याबद्दल एक गोष्ट मान्य करावीच लागेल. कलम ६४-अ अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांबद्दल बोलतं, विकायला होतं की ओढायला हे तिथे विचारलेलं नाही. त्यामुळे स्वतः व्यसनी असलेला किरकोळ विक्रेता ४ ग्रॅमसह सापडला तर तोही हे कलम पुढे करू शकतो. मुद्दाम थोडा थोडा माल जवळ ठेवणारेही आहेत. पण ज्याच्याकडे व्यापारी प्रमाण सापडतं त्याला हे कलम शिवतही नाही. किमान दहा वर्षं, किमान एक लाख दंड, आणि जामिनालाही कलम ३७ ची कडक अट.

खरा घोळ वेगळ्याच ठिकाणी होतो. घाबरलेले आईवडील मुलाला पकडून, खोलीत डांबून ठेवणाऱ्या एखाद्या खासगी केंद्रात टाकतात. केंद्राला मान्यता नसते आणि मुलाची इच्छाही नसते. सहा महिन्यांनी माझ्याकडे प्रमाणपत्र घेऊन येतात, तेव्हा कलम ६४-अ च्या दोन्ही अटी तुटलेल्या असतात. दाखल करण्याआधी केंद्राचा मान्यतेचा कागद मागा आणि मुलाची सही त्याच्याच हाताने, त्याला समजावून घ्या.

आणखी एक. 'पूर्ण उपचार' म्हणजे किती दिवस, हे कलमात लिहिलेलं नाही. शरीरातून गर्द उतरायला एक-दोन आठवडे लागतात, पण त्यानंतर अनेकांना महिनोन्महिने, कधी वर्षं औषध चालू ठेवावं लागतं. म्हणून अहवालात "डिस्चार्ज दिला" एवढंच न लिहिता, उपचार कोणते, किती काळ चालतील, रुग्ण येतोय की नाही, हे लिहून आणावं. तुरुंगात किंवा भरती असताना शरीराची सवय मोडते, आणि बाहेर येऊन जुनाच डोस घेतला तर माणूस मरू शकतो. हेही आईवडिलांना आधीच सांगितलेलं बरं.

मावशीच्या मुलावर कुठलीही केस नव्हती आणि नाही. गेल्या महिन्यापासून तो सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जातो, गर्दची तलफ शमवणारी, जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घेतो आणि मावशीबरोबर घरी येतो. तिथे त्याला पोलिसांबद्दल कोणीही काही विचारलेलं नाही.