वीस स्लाइड आणि एक फुटलेला मोदक

आमच्या वहिनी गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी इन्स्टाग्रामवर खातं उघडलं आणि घरात ‘कॉम्प्युटरचं कळणारा’ म्हणून मी सापडलो. माझं कॉम्प्युटरचं कळणं म्हणजे प्रिंटरला बाजूने दोन थापट्या मारणं. पण दीर म्हटला की नाही म्हणायची सोय नसते.

“भाऊजी, मोदकांचं ते सरकवायचं असतं ना, ते करून द्या. सगळं आलं पाहिजे हं त्यात.”

ते सरकवायचं म्हणजे कॅरोसेल. 2017 साली सुरू झालं तेव्हा एका पोस्टमध्ये 10 फोटो मावायचे, 2024 मध्ये ती मर्यादा 20 झाली. बाजारात मोठी पिशवी नेली की ती भरूनच घरी येते, तसं आमचं झालं. 20 मावतात म्हटल्यावर वहिनींनी 20 केल्या.

पहिल्या स्लाइडवर झेंडूच्या तोरणात ‘गणपती बाप्पा मोरया’. दुसरीवर ‘नमस्कार मैत्रिणींनो’. तिसरीवर मोदकाचं महत्त्व, चौथीवर वहिनींचा पैठणीतला फोटो. साहित्य पाचवीला आलं आणि प्रत्यक्ष गॅस पेटला तो आठवीला. शेवटच्या तीन अनुक्रमे ‘धन्यवाद’, ‘फॉलो करा’ आणि पुन्हा ‘गणपती बाप्पा मोरया’. लग्नाच्या व्हिडिओत वऱ्हाड निघण्याआधी अर्धा तास गुलाब उमलत असतात, त्यातला प्रकार.

टाकण्याआधी घरच्यांना दाखवू म्हटलं. फोन हातात द्यायचा, काही समजावून सांगायचं नाही, फक्त अंगठ्याकडे बघायचं. आईने तिसऱ्या स्लाइडला “छान झालंय हो” म्हणून फोन परत दिला. आमच्या आईचं “छान झालंय” म्हणजे “पुरे”. दादाने चार सेकंदांत विसाव्या स्लाइडपर्यंत मजल मारली. वहिनींचा चेहरा खुलला. मी विचारलं, “दादा, गूळ किती घ्यायचा?” तो म्हणाला, “कसला गूळ?” शेवटपर्यंत सरकवणं आणि वाचणं यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग शेजारच्या काकू आल्या. त्याही सटासट निघाल्या आणि अकराव्या स्लाइडवर गाडी थांबली. तिथे कोपऱ्यात ‘चुका टाळा’ अशा मथळ्याखाली एका फुटलेल्या मोदकाचा फोटो होता. काकूंनी दोन बोटांनी तो मोठा केला, चष्मा वर केला, आणि अगदी जिव्हाळ्याने विचारलं, “माझे पण अस्सेच होतात गं. का होतं हे?”

म्हणजे आमची पोस्ट मुळात अकराव्या स्लाइडला सुरू होत होती. आधीच्या दहा आम्ही आमच्या हौसेसाठी केल्या होत्या.

मी म्हटलं, फुटलेला मोदक पहिल्या स्लाइडवर घेऊ. वहिनी हादरल्याच. “ऑर्डरी घेणाऱ्या बाईच्या दारात फुटका मोदक?” अर्धा तास वाटाघाटी झाल्या. तोरण गेलं. महत्त्व गेलं. पैठणीवर घर दोन दिवस गप्प होतं. माझी कसोटी साधी होती: स्लाइड काढायची आणि तरीही मोदक न फुटता राहील का ते बघायचं. राहत असेल, तर ती स्लाइड नको. या कसोटीत वहिनींचा परिचय काढला तरी मोदकाला काही फरक पडेना, आणि हे वहिनींना तोंडावर सांगायची जबाबदारी माझ्यावर आली.

जरा सूट मिळताच मी उलटा वाहवत गेलो. कमी ते चांगलं ना, मग तीनच! पहिलीवर फुटका मोदक, दुसरीवर सगळी कारणं, तिसरीवर सगळी कृती. दुसऱ्या स्लाइडवर एकशे दहा शब्द बसवले. फोनवर ती स्लाइड जमिनीच्या सातबाऱ्यासारखी दिसत होती. आईने फोन हातभर लांब धरला, मग नाकाजवळ आणला, मग म्हणाली, “छान झालंय हो.”

स्लाइड कमी करायच्या म्हणजे मजकूर दाबून बसवायचा नसतो, तो काढायचा असतो, एवढी अक्कल यायला मला रविवार लागला. मग कारणांपासूनच मोजायला बसलो. वहिनींना विचारलं, मोदक नेमका फुटतो कशाने? त्या कढईपाशी उभ्या राहून एका दमात बोलल्या. एक तर सारण ओलं राहतं. वाफेत गूळ सुटतो आणि तळातून गळतो. सारण गोळा होऊन कढईच्या कडा सोडायला लागलं की गॅस बंद करायचा. दुसरं, उकड कोरडी मळली की कळ्या घालताना चिरा पडतात. हाताला पाणी-तेल लावून गरम असतानाच मळायची. आणि तिसरं, पारी मध्येच पातळ होते. पातळ करायच्या त्या कडा, मधला भाग जरा जाड ठेवायचा, कारण सारणाचा भार त्याच्यावर येतो.

तीन कारणं, तीन स्लाइड. प्रत्येकीवर एक फोटो आणि फार तर दोन ओळी. आधी फुटका मोदक, शेवटी प्रमाणाची एक स्लाइड, कारण लोक ‘सेव्ह’ करतात ती पोस्ट प्रमाणासाठी. पाच झाल्या. मी खुशीत होतो.

काकूंनी पुन्हा पाहिल्या. या वेळी पाचही वाचल्या, कढईच्या कडांपाशी “अच्छाऽ” केलं, आणि मग म्हणाल्या, “पण कळ्या?” कळ्या मी वगळल्या होत्या, त्या येतातच की सगळ्यांना! मग चार छोटे फोटो एका स्लाइडवर चिकटवून दिले. काकू म्हणाल्या, “यात बोटं कुठली आणि पारी कुठली?” खरंच कळत नव्हतं. चिमटा कुठे घ्यायचा आणि दुसरा त्याच्या किती जवळ, हे हाताचं काम आहे. तिथे बोटं मोठी दिसायलाच हवीत. म्हणून कळ्यांना दोन पूर्ण स्लाइड दिल्या: एकीवर चिमटा, दुसरीवर सगळ्या कळ्या टोकाला मिटताना. नमस्काराला एकही स्लाइड परवडत नव्हती आणि चिमट्याला दोन द्याव्या लागल्या. सात झाल्या.

एक खोच शेवटी लक्षात आली. पहिली स्लाइड बघून कुणी न सरकवता पुढे गेलं, तर इन्स्टाग्राम कधी कधी तीच पोस्ट त्या माणसाला पुन्हा दाखवतं, पण दुसऱ्या स्लाइडपासून. म्हणजे दुसरीला आपल्या पायावर उभं राहता आलं पाहिजे. जुन्या पोस्टमध्ये अशा माणसाला आधी ‘मोरया’ आणि मग नुसताच ‘नमस्कार मैत्रिणींनो’ भेटला असता. आता तिथे कढईतलं सारण आलं आणि वर ओळ: ‘सारण असं ओलं दिसलं तर मोदक गळणारच.’ मागचं काही न बघता समजतं.

पोस्ट टाकली. वहिनींना दोन दिवसांत ओळखीच्या-अनोळखी बायकांचे निरोप आले, बहुतेक कढईच्या कडांबद्दल. पैठणीचा विषय मी मनातून निकालात काढला होता.

तिसऱ्या दिवशी वहिनी भाजी घेऊन वर आल्या त्या पिशवी न ठेवताच माझ्यासमोर उभ्या राहिल्या. खाली लिफ्टपाशी दुसऱ्या विंगमधल्या एक बाई भेटल्या होत्या. त्यांनी पोस्ट पाहिली होती. म्हणजे पहिली स्लाइड पाहिली होती.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाल्या, ‘अगं, तुझेही मोदक फुटतात का? मग यंदा मी दुसरीकडे सांगते.’”

आता पहिल्या स्लाइडवर, फुटक्या मोदकाच्या खाली, ठळक अक्षरांत एक ओळ आहे: ‘हा मोदक भाऊजींनी केलेला आहे.’