लाडवाच्या ट्रेचा साचा: सरळ भिंती, धारदार कोपरे आणि मधलं एक भोक

«व्हॅक्यूम फॉर्मिंगच्या साच्यात डोकं लावण्यासारखं काही नसतं. हवा तो आकार थ्रीडी प्रिंट करा. भिंती काटकोनात आणि कोपरे धारदार ठेवा, म्हणजे ट्रे शार्प दिसतो. खणाच्या मधोमध तीन मिलिमीटरचं एक भोक पुरतं. शीट अडकलीच तर सिलिकॉन स्प्रे मारा. आणि शीट पातळ असेल तर आणखी सोपं, ती आपोआप सगळीकडे बसते.»

लघुउद्योगाच्या ग्रुपांवर हा मजकूर मी या वर्षात चार-पाच वेळा वाचला. दिवाळीच्या तोंडावर एक मिठाईवाले याच पद्धतीने बनवलेला साचा घेऊन माझ्याकडे आले, म्हणून उत्तर त्याच साच्यावरून देतो. व्हॅक्यूम फॉर्मिंगमध्ये तापवून मऊ केलेली प्लास्टिकची शीट साच्यावर टाकतात आणि साच्यातल्या भोकांतून खालची हवा ओढून घेतात, म्हणजे शीट साच्याचा आकार घेते. बुंदीच्या लाडवांचा ट्रे होता. हिप्स नावाच्या प्लास्टिकची ०.४ मिलिमीटरची शीट, ४५ मिलिमीटर चौरस आणि २४ मिलिमीटर खोल असे बारा खण, चार बाय तीन, मधल्या भिंती ८ मिलिमीटरच्या. पहिले काही ट्रे खेचून काढताना फाटले. जे निघाले, त्यांचे तळाचे कोपरे बोट लावलं की चिरत होते.

आधी अडकण्याबद्दल. शीट साच्याला चिकटते म्हणून अडकते असं समजून स्प्रेचा डबा हातात घेतला जातो. पण हिप्स साच्याला चिकटत नाही, ती आवळते. गरम शीट थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसते. ठोकळ्यावर ओढलेली शीट आकसून ठोकळ्याला घट्ट धरते, आणि खणात ओढलेली शीट आकसून भिंतीपासून सुटते. हे बरेच जण जाणतात आणि म्हणतात, आमचा साचा तर खणांचा आहे, मग भिंतींना उतार कशाला हवा? एकच खण असता तर त्यांचं बरचसं बरोबर होतं. तिथे एक-दोन अंशांच्या उतारावर निभावतं.

बारा खणांच्या ट्रेमध्ये मात्र दोन खणांमधली प्रत्येक भिंत म्हणजे एक ठोकळाच असतो. अख्खा ट्रे मध्याकडे आकसतो, त्यामुळे कडेच्या खणातलं प्लास्टिक आपल्या आतल्या बाजूच्या भिंतीवर दाबलं जातं. या साच्यात ती भिंत मध्यापासून ५७ मिलिमीटरवर होती. अर्ध्या टक्क्याने ५७चे जवळजवळ ०.२८ मिलिमीटर होतात. भिंत सरळ असेल तर हा दाब ट्रे पूर्ण २४ मिलिमीटर वर येईपर्यंत सुटत नाही, सगळा प्रवास घासत होतो. भिंतीला ६ अंशांचा उतार दिला तर ट्रे दर मिलिमीटर उचलताना ०.१ मिलिमीटर फट पडते, आणि पावणेतीन मिलिमीटरवर आवळलेलं सगळं सुटतं. पुढचे एकवीस मिलिमीटर ट्रे मोकळा येतो. म्हणून अशा ट्रेला मी ५ ते ७ अंश देतो. ग्राहकाला ते जास्त वाटतात, पण रिकामे ट्रे एकात एक बसायलाही तोच उतार लागतो.

प्रिंट केलेल्या साच्यात आणखी एक अडचण असते. त्याच्या उभ्या भिंतीवर थरांच्या रेघा असतात आणि गरम शीट त्यात शिरते. सरळ भिंतीवर त्या रेघा बारीक दात्यांसारख्या धरून ठेवतात, उतार असला की पहिल्याच हिसक्यात सुटतात. शिवाय प्रिंटरचं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि शीट त्यावर दीडशेच्या घरात तापून येते. थांबून थांबून काढलेल्या पाच-दहा नमुन्यांना ते चालतं. सलग ओढत गेलं की पातळ भिंती वाकतात आणि उतार उलटा होतो. नमुन्यासाठी प्रिंट करायला माझी काहीच हरकत नाही. हजार ट्रे काढायचे असतील तर ॲल्युमिनियम घ्या.

स्प्रेबद्दल एवढंच की हा खाण्याच्या वस्तूचा ट्रे आहे. साच्यावर मारलेला स्प्रे ट्रेवर येतो. उताराची चूक लपवायला तो वापरूच नये.

कोपरे धारदार ठेवण्याचा सल्ला ऐकायला पटतो, कारण लाकडात किंवा धातूत कोपरा जसा कापाल तसा राहतो. शीटचं तसं नाही. खणावर आलेली शीट आधी मधल्या भिंतींच्या माथ्यावर टेकते आणि तिथेच थंड होते. तिथलं प्लास्टिक मग खणाला मिळत नाही. खणाच्या तोंडावर जेवढी शीट आहे तेवढ्यातच सगळा खण भरायचा असतो. तोंड ४५ बाय ४५, म्हणजे २०२५ चौरस मिलिमीटर. सरळ भिंतींच्या खणाचा तळ आणि चार भिंती मिळून ६३४५ होतात. शीट तिपटीहून जास्त ताणली जाते आणि ०.४ची सरासरी जाडी ०.१३ उरते. सहा अंशांच्या उताराने तळ ४० बाय ४० होतो, एकूण ५७०० भरतात आणि सरासरी ०.१४ मिळते.

हा फरक फार मोठा नाही, हे मान्य. पण ट्रे सरासरीत फाटत नाही, कोपऱ्यात फाटतो. शीट वरून खाली भिंतीला टेकत जाते, टेकलेला भाग थंड होऊन थांबतो आणि ताणायचं काम उरलेल्या शीटवर येतं. तळाचे चार कोपरे सर्वांत शेवटी भरतात, म्हणजे तिथे सर्वांत ताणलेलं प्लास्टिक पोचतं. कोपरा जितका धारदार, तितकं शेवटपर्यंत ताणावं लागतं. ओढणारा जोर मात्र ठरलेलाच आहे. व्हॅक्यूम कितीही चांगला असला तरी शीटवर दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आतलाच दाब येतो. धारदार कोपऱ्यात शीट एक तर पोचत नाही किंवा पोचेपर्यंत कागदासारखी होते.

हे डोळ्यांनी पाहायची सोपी रीत आहे. तापवण्याआधी शीटवर परमनंट मार्करने १० मिलिमीटरच्या चौकटी आखा आणि नेहमीप्रमाणे ट्रे ओढा. कोपऱ्यातली चौकट किती मोठी झाली ते मोजा. क्षेत्रफळ जितक्या पट वाढलं, तितक्या पटीने जाडी घटली. त्या मिठाईवाल्यांच्या ट्रेमध्ये तळाच्या कोपऱ्यातली चौकट २५ बाय ३० झाली होती, म्हणजे साडेसात पट, आणि जाडी उरली ०.०५. ट्रे उजेडात धरला तर तेवढाच भाग आरपार दिसत होता.

नव्या साच्यात तळाच्या कडेला ५ मिलिमीटरची गोलाई दिली, उभ्या कोपऱ्यांना ६ आणि भिंतींच्या माथ्याला २. तीच चौकट २० बाय २१वर थांबली, जाडी ०.०९५. जवळजवळ दुप्पट. माथ्याची गोलाई लोक विसरतात. तिथे धार असेल तर शीट त्या धारेवर अडते, खाली सरकत नाही, आणि हिप्समध्ये पांढरी रेघ उमटते.

शार्प दिसण्याचा मुद्दाही इथे टिकत नाही. खणात ओढलेल्या ट्रेची साच्याला टेकते ती खालची बाजू. लाडू ठेवणाऱ्याला दिसते ती वरची, आणि तिचा आकार शीट जिथपर्यंत पोचली त्यावर ठरतो. साच्यातली धार तिथे दिसतच नाही. नीट भरलेली ५ मिलिमीटरची गोलाई अर्धवट भरलेल्या धारेपेक्षा कितीतरी रेखीव दिसते, कारण बाराही खणांत ती सारखी येते.

आता भोक. या मजकुरातली सर्वांत नुकसानीची ओळ मला हीच वाटते, कारण ती वाचून माणूस पंप बदलायला निघतो. खणात शीट खाली येताना मध्यभागी फुगवटा धरते, आणि तो फुगवटा तळाच्या मध्यावर आधी टेकतो. तिथेच भोक असेल तर शीट स्वतःच ते बंद करते. कोपऱ्यांतली हवा आत अडकते आणि तिला बाहेर जायला वाट राहत नाही. खूण स्पष्ट असते: तळ मध्ये सपाट, कडेने बशीसारखा वर वळलेला. मोठा पंप लावूनही हे सुधारत नाही, कारण पंप आणि कोपऱ्यातली हवा यांच्यामध्ये शीट आलेली असते. शिवाय तीन मिलिमीटरच्या भोकात शीट खेचली जाऊन मधोमध पुटकुळी येते, कधी तीच फुटते आणि व्हॅक्यूम गळून अख्खा ट्रे जातो.

भोकं शीट शेवटी जिथे टेकते तिथे हवीत. या साच्यात प्रत्येक खणाच्या तळाच्या कडेने आठ भोकं पाडली, चार कोपऱ्यांत आणि चार कडांच्या मध्यावर, प्रत्येकी ०.६ मिलिमीटरचं. आठांचं मिळून क्षेत्रफळ त्या एका मोठ्या भोकाच्या जेमतेम एक तृतीयांश भरतं, पण ती शेवटच्या क्षणापर्यंत उघडी राहतात. भोक तिथल्या शीटच्या जाडीपेक्षा लहान असावं हे खरं, पण ०.१चं ड्रिल कोणी मारत नाही. ०.६चं बारीक टिंब राहतं, आणि ते तळाच्या कडेला असल्याने नजरेत भरत नाही. एवढं बारीक ड्रिल खोल गेलं की मोडतं, म्हणून साच्याच्या मागून ६ मिलिमीटरच्या ड्रिलने येऊन शेवटचे चारच मिलिमीटर बारीक भोकासाठी ठेवायचे. हवेलाही ती रुंद वाट सोपी जाते.

याच भोकांतून ट्रे सुटतानाही हवा आत आली पाहिजे. ती येत नसेल तर उचलताना ट्रेखाली पोकळी होऊन तो परत खाली ओढला जातो. उताराचं काम चोख असूनही ट्रे अडकत असेल, तर आधी मागून थोडी हवा फुंकून पाहा.

शेवटी पातळपणा. जाड शीटमध्ये उष्णता भरपूर असते, ती ओढायला वेळ देते. ०.४ची शीट थंड साच्याला टेकल्यावर क्षणात टणक होते. सगळी हवा झटकन गेली पाहिजे, त्यामुळे थेट पंपावर ओढण्यापेक्षा आधीच रिकामी करून ठेवलेली टाकी एकदम उघडणं बरं. दोन मिलिमीटरच्या शीटमध्ये उताराची किंवा गोलाईची चूक खपून जाते, कारण ताणल्यावरही अर्धा मिलिमीटर उरतो.

नव्या साच्यावर पहिल्या दिवशी ट्रे हाताने उचलून निघाले. अर्धा किलोहून जास्त लाडू भरून कमरेच्या उंचीवरून वीस ट्रे टाकले. एकाची कड चिरली, तीही कापणीच्या जागी.