बीजकाची एकूण रक्कम जुळली, तरी तपासणी पूर्ण होत नाही

पुरवठादारांची बीजके तपासून ती मंजूर करण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे, आणि या कामाविषयी माझे एक ठाम मत झाले आहे. बीजकाच्या तळाशी छापलेली एकूण रक्कम आपल्या हिशेबाशी जुळते की नाही, एवढेच पाहणारी तपासणी अपुरी असते. सूट आधी वजा झाली की कर आधी लागला, हा क्रम त्या एका आकड्यावरून कळत नाही. तो दडून राहतो आणि पुढे कराच्या खात्यात फरक म्हणून वर येतो.

हे मत ज्या बीजकावरून झाले, ते मुद्दाम तपशिलाने मांडतो. मालाची मूळ किंमत १२,००० होती, ठरलेली सूट १० टक्के होती आणि कराचा दर १५ टक्के होता. माझ्या हिशेबाने सूट १,२००, करपात्र मूल्य १०,८००, त्यावर कर १,६२० आणि एकूण १२,४२० असे यायला हवे होते. बीजकावरही एकूण १२,४२० च होते, म्हणून मी ते मंजूर केले. काही आठवड्यांनी त्यातला निम्मा माल परत गेला आणि पुरवठादाराकडून ६,२१० ची क्रेडिट नोट आली, जी बरोबर निम्मी होती. तरीही महिन्याच्या ताळमेळात त्या मालाच्या करात ९० चा फरक राहिला. मूळ बीजक पुन्हा काढून ओळीओळीने वाचले, तेव्हा त्यावर कर १,८०० आणि सूट १,३८० असल्याचे दिसले. म्हणजे पुरवठादाराने आधी पूर्ण १२,००० वर कर लावला होता आणि मग करासह झालेल्या १३,८०० वर १० टक्के सूट दिली होती. क्रेडिट नोट मात्र योग्य क्रमाने, सूट वजा केलेल्या मूल्यावर, तयार झाली होती. तिने ८१० कर परत केला, तर मूळ बीजकातील निम्मा कर ९०० होता.

दोन्ही वाटांनी एकूण रक्कम सारखीच येते, याचे कारण साधे आहे. टक्केवारीची सूट आणि टक्केवारीचा कर हे दोन्ही गुणाकार आहेत. १२,००० ला आधी ०.९० ने गुणले काय आणि आधी १.१५ ने गुणले काय, उत्तर बदलत नाही. बदलते ती त्या रकमेची आतली फोड. एका बाबतीत माल १०,८०० चा आणि कर १,६२० चा ठरतो, तर दुसऱ्या बाबतीत माल १०,६२० चा आणि कर १,८०० चा ठरतो. खिशातून जाणारी रक्कम तीच राहिली, तरी करापोटी १८० जास्त दाखवले गेले आणि मालाची किंमत तेवढीच कमी नोंदली गेली. भरलेल्या कराची वजावट घेणाऱ्या खरेदीदारासाठी हा फरक क्षुल्लक नसतो, कारण वजावट योग्य रीतीने आकारलेल्या करापुरतीच टिकते.

म्हणून आता मी बीजक तळापासून नव्हे, तर कराच्या ओळीपासून वाचतो. छापलेल्या कराला दराने भागले की कर कोणत्या रकमेवर लावला ते लगेच उघड होते. १,८०० भागिले ०.१५ म्हणजे १२,०००, अर्थात सुटीपूर्वीचे मूल्य. १,६२० भागिले ०.१५ म्हणजे १०,८००, अर्थात सुटीनंतरचे मूल्य. खरेदी आदेशात ठरलेला क्रम कोणता होता, ते यानंतर पाहायचे. या एका भागाकाराला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि तो न करता बीजक मंजूर करणे मला आता योग्य वाटत नाही.

सूट ठरावीक रकमेची असेल, तर मात्र एकूण रक्कमही बदलते. त्याच १२,००० वर ५०० ची सूट आधी वजा केली, तर ११,५०० वर कर लागून १३,२२५ होतात. कर आधी लावून मग ५०० वजा केले, तर १३,३०० होतात. फरक ७५ चा, म्हणजे नेमका ५०० वरील १५ टक्के कर. हे सूत्र उलट दिशेनेही उपयोगी पडते, कारण न जुळलेल्या फरकाला कराच्या दराने भागल्यावर उत्तर जर सुटीच्या रकमेएवढे आले, तर चूक बेरजेत नसून क्रमात आहे, हे बहुधा निश्चित होते. टक्केवारीच्या सुटीतही असा एक प्रकार आढळतो. सूट मोजली जाते करपूर्व मूल्यावर, पण वजा होते कर लावल्यानंतर. मग १३,८०० मधून १,२०० जाऊन १२,६०० उरतात. इथे फरक १८० चा आहे, आणि १८० भागिले ०.१५ म्हणजे पुन्हा १,२००.

एकाच बीजकात दोन दर आले की प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण सूट आधी वजा करायची एवढे ठरवूनही ती कोणत्या मालावर पडली हे ठरवावे लागते. समजा ८,००० चा माल ५ टक्के दराचा आणि ४,००० चा माल १५ टक्के दराचा आहे, आणि संपूर्ण बीजकावर १,२०० ची सूट आहे. ती किमतीच्या प्रमाणात वाटली, तर ८०० आणि ४०० अशी विभागते, कर ३६० अधिक ५४० म्हणजे ९०० होतो आणि एकूण ११,७०० येतात. सगळी सूट जास्त दराच्या मालावर टाकली, तर कर ८२० भरतो. सगळी कमी दराच्या मालावर टाकली, तर ९४० होतो. सूट खरोखर संपूर्ण खरेदीवर असेल, तर प्रमाणशीर वाटणीच न्याय्य आहे असे मला वाटते. पण बीजकावर प्रत्येक ओळीसमोर तिच्या वाट्याची सूट आणि करपात्र मूल्य छापलेले नसेल, तर पुरवठादाराने कोणती वाट धरली हे शोधत बसावे लागते. असे बीजक मी तपशील मागवूनच पुढे पाठवतो.

करानंतर वजा झालेली प्रत्येक रक्कम चुकीची असते, असे मात्र नाही. आधी पैसे भरून घेतलेले व्हाउचर ही किमतीतील सूट नसून पैसे चुकते करण्याची एक रीत आहे, त्यामुळे त्याने करपात्र मूल्य कमी होत नाही. वजा झालेल्या ओळीचे नाव काय आहे, हे म्हणूनच आकड्याइतकेच काळजीपूर्वक वाचावे लागते.

न जुळलेल्या रकमेवर ‘पूर्णांकनाचा फरक असेल’ हे उत्तर मला वारंवार ऐकायला मिळते, तेव्हा त्या फरकाची मर्यादा सांगणे आवश्यक वाटते. १०.३० च्या तीन ओळींवर १५ टक्के कर ओळीगणिक दोन दशांशांपर्यंत पूर्ण केला, तर प्रत्येकी १.५५ प्रमाणे ४.६५ होतो. तोच ३०.९० च्या बेरजेवर एकदाच काढला, तर ४.६४ होतो. दोन दशांशांच्या हिशेबात प्रत्येक पूर्णांकनाने जास्तीत जास्त ०.००५ चा फरक पडू शकतो, म्हणून तीन ओळींचे आणि बेरजेचे मिळून तो ०.०२ च्या पुढे जात नाही. ७५ चा किंवा १८० चा फरक पूर्णांकनाने पडलेला नसतो, आणि तसे उत्तर आले की मी बीजक पुरवठादाराकडे परत पाठवतो.