सोमवार ते शुक्रवार म्हणजे चार दिवस

परवा संध्याकाळी मी निघायच्या तयारीत असताना आमच्या विभागप्रमुखांनी एक एक्सेल फाइल पाठवली आणि सोबत लिहिले, "नुसती नजर टाका, सकाळी पुढे पाठवायची आहे." या वाक्याचा खरा अर्थ 'उघडा, बंद करा आणि ठीक आहे असे कळवा' असा असतो, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला ठाऊक असायला हवे होते. माझ्या दुर्दैवाने मी खरोखरच नजर टाकली.

वेळापत्रक नव्या सर्व्हर खोलीचे होते. गरजांची नोंद, आराखडा, सामग्रीची खरेदी, उभारणी आणि चाचणी अशी पाचच कामे. प्रत्येकापुढे प्रारंभ, समाप्ती आणि कालावधी असे तीन रकाने. सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहिले होते : प्रारंभ १ सप्टेंबर २०२५, समाप्ती १० ऑक्टोबर २०२५, एकूण प्रकल्प-दिवस ५०. सप्टेंबरचे तीस आणि ऑक्टोबरचे दहा मिळून चाळीस होतात, हे पाहायला एक्सेलही लागत नाही. शनिवार-रविवार वगळले, तर बरोबर सहा आठवड्यांचे कामाचे तीसच दिवस उरतात. म्हणजे ज्या प्रकल्पाला पंचांगाप्रमाणे चाळीस आणि कामाप्रमाणे तीस दिवस मिळणार होते, तो शीर्षकात पन्नास दिवस चालणार होता.

मी बॅग पुन्हा खाली ठेवली.

एकूण आकडा चुकला असेल, तर निदान आतले आकडे बरोबर असतील या आशेने मी एकेक ओळ पाहू लागलो. गरजांची नोंद १ ते ५ सप्टेंबर, पाच दिवस. सोमवार ते शुक्रवार, बिनचूक. आराखडा ८ ते १८ सप्टेंबर, दहा दिवस. इथे थांबावे लागले. या ओळीचे दिवस मोजण्याच्या तीन प्रचलित रीती आहेत आणि त्या मी एका रिकाम्या कोपऱ्यात लिहून पाहिल्या :

```
=C3-B3
=C3-B3+1
=NETWORKDAYS(B3,C3)
```

पहिली रीत नुसती वजाबाकी करते आणि पहिला दिवस गिळते, उत्तर १०. दुसरी दोन्ही टोके धरते, पण शनिवार-रविवारही धरते; उत्तर ११. तिसरी दोन्ही टोके धरून शनिवार-रविवार गाळते, उत्तर ९. म्हणजे आराखड्याचे दहा दिवस वजाबाकीतून आले होते. खरेदी ८ ते २३ सप्टेंबर, बारा दिवस. हे तिसऱ्या रीतीने चोख. उभारणी १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर, पंधरा दिवस. हे दुसऱ्या रीतीने, कारण त्यातले कामाचे दिवस अवघे अकरा. चाचणी ३ ते १० ऑक्टोबर, आठ दिवस. पुन्हा दुसरी रीत, कामाचे दिवस सहा. एकाच रकान्यात तीन निरनिराळे हिशेब गुण्यागोविंदाने नांदत होते, आणि त्यांतल्या कुणालाही शेजाऱ्याचा पत्ता नव्हता.

याच वेळी माझ्यामागून आवाज आला, "काय विशेष?"

प्रिंटर माझ्या टेबलाला लागूनच असल्यामुळे कागद बाहेर येईपर्यंत माझ्या पडद्याकडे पाहणे हा आमच्या कार्यालयातील सर्वांचा हक्क आहे. हे गृहस्थ लेखा विभागातले, निवृत्तीला टेकलेले, आणि सर्व्हर खोलीशी त्यांचा संबंध इतकाच, की तिच्यासाठी त्यांचे जुने कपाट हलणार होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्यावर बोट टेकवले आणि विचारले, "ह्या पहिल्या ओळीत सोमवार ते शुक्रवार पाच दिवस कसे?"

मी म्हणालो, "सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार."

"अहो, सोमवारी तर सुरुवात होणार. सोमवारपासून मंगळवारपर्यंत एक दिवस." त्यांनी करंगळीचे पहिले पेर दाबले. "बुधवारपर्यंत दोन, गुरुवारपर्यंत तीन, शुक्रवारपर्यंत चार. पाच लिहिलेत, ती ओळ चुकली आहे."

संपूर्ण वेळापत्रकातली निर्विवाद बरोबर अशी जी एक ओळ होती, ती त्यांनी बाद केली. मी शांतपणे विचारले, "मग सोमवारी कामावर आलेल्या माणसाने त्या दिवशी काय केले?"

"सोमवारी कोण काम करतो?" ते म्हणाले, आणि हे त्यांनी विनोद म्हणून म्हटले नव्हते.

यावर मी त्यांना दोन तारखांमधले अंतर आणि दोन तारखांनी व्यापलेले दिवस यांतला फरक समजावू लागलो, आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आले की त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपली भाषाच या बाबतीत बेभरवशाची आहे. सात दिवसांच्या मुदतीला आपण आठवडा म्हणतो. 'आठ दिवसांनी या' असे सोमवारी सांगितले, तर माणूस पुढच्या सोमवारी येतो, आणि 'पंधरा दिवसांनी या' सांगितले तर दोन आठवड्यांनी, म्हणजे चौदाव्या दिवशी उगवतो. आजचा दिवस धरायचा की सोडायचा हे आपण कधी सांगत नाही, ते समोरच्याने ओळखायचे असते. बोलण्यात हे खपते, कारण एक दिवस इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. पण पाच कामांची साखळी असली की प्रत्येक सांध्यावर एकेक दिवस सांडत जातो. आमच्या वेळापत्रकात आराखडा १८ सप्टेंबरला संपत होता आणि उभारणी त्याच १८ सप्टेंबरला सुरू होत होती. एकच गुरुवार दोन्ही कामांनी स्वतःच्या नावावर चढवला होता.

एवढ्यात प्रिंटरने कागद टाकला. तो त्यांचा रजेचा अर्ज होता. गुरुवार ४ सप्टेंबर ते मंगळवार ९ सप्टेंबर, आणि पुढच्या चौकटीत सुवाच्य अक्षरांत : चार दिवस.

मी म्हणालो, "हे चार कसे?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी त्यांच्या खिशात हात घातला आहे. "गुरुवार, शुक्रवार, सोमवार, मंगळवार. शनिवार-रविवार मी रजेत कशाला घालू?"

"म्हणजे गुरुवार धरला?"

"धरणार नाही तर काय? त्या दिवशी मी येणार आहे का?"

"मग प्रकल्पाचा सोमवार का धरत नाही?"

"अहो, रजा माझी आहे," ते म्हणाले, आणि कागद घेऊन गेले. NETWORKDAYS हे सूत्र त्यांनी आयुष्यात पाहिले नसेल, पण त्याचे उत्तर त्यांना बोटावर येत होते. मात्र ते बोट स्वतःच्या खात्यापुरतेच चालत होते.

त्यानंतर पन्नासचा उगम शोधणे उरले होते. पाच, दहा, बारा, पंधरा, आठ. कुणीतरी कालावधीचा रकाना निवडून बेरजेचे बटण दाबले होते. पण आराखडा आणि खरेदी ही दोन्ही कामे ८ सप्टेंबरलाच सुरू होत होती. शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन कामांचे दिवस मिळवायचे नसतात. प्रकल्पाची लांबी म्हणजे पहिल्या प्रारंभापासून शेवटच्या समाप्तीपर्यंतचे कामाचे दिवस. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसुद्धा मुख्य ओळीचा कालावधी असाच काढते, पोटकामांची बेरीज करत नाही. प्रत्येक कामावर एक माणूस पूर्ण वेळ असता आणि सगळे कालावधी एकाच रीतीने मोजलेले असते, तर त्या बेरजेला माणूस-दिवस म्हणता आले असते. तो मनुष्यबळाचा आकडा झाला, मुदतीचा नव्हे.

मग मी जे करायला नको होते ते केले. कालावधी काम करणाऱ्यांनी सांगितले असतील, म्हणून तेच खरे आणि कामाच्या दिवसांत दिलेले, असे धरून तारखा नव्याने मांडल्या. समाप्तीचे सूत्र असे :

```
=WORKDAY(B3,D3-1)
```

WORKDAY सुरुवातीचा दिवस मोजत नाही, म्हणून कालावधीतून एक वजा करावा लागतो. तो न केल्यास प्रत्येक काम एक दिवस लांबते. आता सामग्री आल्याशिवाय उभारणी होत नाही आणि खरेदी २३ सप्टेंबरला संपते. मूळ तक्त्यात मात्र उभारणी त्याच्या तीन कामाचे दिवस आधी, रिकाम्या खोलीत, बहुधा श्रद्धेच्या बळावर सुरू होत होती. ती २४ सप्टेंबरला नेली की पंधरा दिवसांनी १४ ऑक्टोबर येतो, आणि चाचणीचे आठ दिवस १५ ला सुरू होऊन २४ ऑक्टोबरला संपतात. पाच, बारा, पंधरा आणि आठ : कामाचे चाळीस दिवस. आराखडा खरेदीच्या पोटात मावतो, त्यामुळे तो दोन दिवस रेंगाळला तरी शेवट हलत नाही. खरेदी एक दिवस रेंगाळली की शेवट एक दिवस पुढे जातो.

काल सकाळच्या बैठकीत मी हे सगळे मांडले. लेखा विभागातले गृहस्थ कपाटाच्या प्रश्नासाठी हजर होते. माझे बोलणे संपताच ते म्हणाले, "म्हणजे तारखांप्रमाणे चाळीस आणि यांच्या हिशेबानेही चाळीसच. मग भांडण कशाचे?" पंचांगाचे चाळीस १० ऑक्टोबरला संपतात आणि कामाचे चाळीस २४ ऑक्टोबरला, हे मी दोनदा सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या, त्यांच्याकडे बघून.

खरे कारण बैठकीनंतर जिन्यात कळले. १० ऑक्टोबर ही तारीख वरून, कामे ठरायच्याही आधी, कळवण्यात आली होती. कालावधी काम करणाऱ्यांनी दिले, तारखा विभागप्रमुखांनी शेवटाकडून मागे येत बसवल्या, आणि तारखांशी न जुळणारे कालावधी घाईघाईत जमेल त्या रीतीने 'जुळवले'. बेरीज तिसऱ्याच कुणाची. हे तिघाचौघांनाही ठाऊक होते. मला याचाच राग येतो : चूक कुणालाच सापडली नव्हती असे नाही, ती विचारली जाऊ नये एवढीच अपेक्षा होती, आणि तरीही मला रात्री साडेआठपर्यंत बसू दिले.

आज सकाळी सुधारित वेळापत्रक सर्वांना आले. एकूण प्रकल्प-दिवस ४०. समाप्ती १० ऑक्टोबर. कालावधीचा रकाना दिसत नव्हता, पण स्तंभांच्या माथ्यावरची अक्षरे A, B, C आणि नंतर एकदम E अशी होती, त्यामुळे तो काढलेला नसून लपवलेला आहे हे कळत होते. मी तो उघडून पाहिला. पाच, दहा, बारा, पंधरा, आठ, सगळे जागच्या जागी होते. मात्र तळाशी एक नवी ओळ आली होती. तीत लिहिले होते 'तपासणी', आणि त्यापुढे माझे नाव होते.