निष्कर्ष आणि सी विंग

सोसायटीच्या पाणी अहवालाचा शेवटचा परिच्छेद माझ्या गळ्यात पडला, कारण समितीत मराठी टाइप करता येणारा मी एकटाच. बाकीचा अहवाल तयार होता आणि खरं सांगायचं तर चांगला होता. रात्री अकराला पंप बंद, नगरपालिकेच्या लाइनचा वॉल्व्ह बंद, जमिनीखालच्या टाकीत लोखंडी पट्टी सोडून खडूची खूण. सकाळी सहाला पाणी खुणेच्या 9 सेंटिमीटर खाली. टाकी 5 मीटर बाय 4 मीटर, म्हणजे एक सेंटिमीटर उतरला की 200 लिटर गेले. झोपेत 1800 लिटर स्वाहा.

निष्कर्षाचा कच्चा मसुदा खजिनदारांनी आधीच करून ठेवला होता. "वरील निरीक्षणांवरून असे दिसून येते की टाकीची पातळी रात्री 9 सेंटिमीटरने घटते, टँकरवरील खर्च वाढला आहे व पाण्याची बचत ही काळाची गरज आहे." पहिली गोष्ट पान दोनवर होती, दुसरी पान तीनवर आणि तिसरी टँकरच्या मागे रंगवलेली असते.

मी म्हटलं, "काका, यात नवीन काय?"

"नवीन कशाला? भांडणं होतात."

इथेच खरी गोम आहे. 9 सेंटिमीटरशी कुणी भांडत नाही. पट्टी दाखवली की माणूस गप्प बसतो. भांडण सुरू होतं ते "म्हणून काय?" या प्रश्नाशी, आणि निष्कर्षाने उत्तर द्यायचं असतं ते नेमकं त्याच प्रश्नाचं. ज्या वाक्याला "मला नाही पटत" असं कुणी म्हणूच शकत नाही, ते निष्कर्षात कशाला आलंय हे एकदा विचारून पाहावं.

तर मी बसलो. सात तासांत 1800, तर चोवीस तासांत साधारण सहा हजार. माणशी दिवसाला 135 लिटर हा पाणीपुरवठ्याच्या नियोजनातला नेहमीचा आकडा. म्हणजे आमच्या इमारतीत मेंटेनन्स न भरणारी आणखी 44 माणसं राहतात. हे मी लिहिलंही. खजिनदार पहिल्यांदाच अस्वस्थ झाले. 1800 लिटरने ते हलले नव्हते, पण 44 थकबाकीदार म्हटल्यावर हलले.

पण सहा हजार हा आकडा तसाच सोडणं बरं नव्हतं. चाचणी टाकी भरलेली असताना झाली होती. पातळी उतरली की दाब कमी होतो, गळतीही मंदावते. आणि दिवसा टाकी कधीच काठोकाठ नसते. म्हणून लिहिलं: "सहा हजार ही वरची मर्यादा समजावी. रोजचे दहा हजार लिटरचे दोन टँकर गळती थांबवून बंद होणार नाहीत. फार तर दोन दिवसांतून एक वाचेल." त्यापुढे: "संपूर्ण टाकीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च आत्ता करू नये. आधी टाकी भरून पाणी कुठे उतरायचं थांबतं ते पाहावं. भेग त्याच उंचीवर असण्याची शक्यता जास्त."

चेअरमनना हे फार ठाम वाटलं. त्यांनी पेन काढून "असे म्हणता येऊ शकेल असे वाटते" हे शेपूट प्रत्येक वाक्याला लावलं. मी समजावून पाहिलं की "वरची मर्यादा" म्हटल्यावर खात्री कुठे संपते हे वाचणाऱ्याला कळतं, "वाटते"ने फक्त लिहिणारा घाबरलाय एवढंच कळतं. शेवटी तडजोड झाली: अख्ख्या परिच्छेदात मिळून एक "वाटते".

खरी लढाई पुढच्या वाक्यावर झाली. पाणी सी विंगवाले उडवतात, गाड्या धुतात, हा चेअरमनांचा जुना सिद्धांत. समिती नेमली गेली तीच मुळी त्यासाठी. आणि मी लिहिलं होतं: "चाचणीच्या वेळी पंप बंद असल्याने वरच्या टाकीकडे थेंबही गेला नाही. त्यामुळे या 1800 लिटरमध्ये कोणत्याही विंगचा हात असू शकत नाही. कोण किती पाणी वापरतं, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी विंगनिहाय मीटर लागतील."

चेअरमन बराच वेळ त्या वाक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे पान दोनवर टाका ना. तिथे कोण वाचतंय?"

"पान दोनवर चाचणी आहे, साहेब. हा आपला निवाडा आहे."

"आपला?" असं म्हणून त्यांनी सहीसाठी पेन खजिनदारांकडे सरकवलं. खजिनदारांनी ते माझ्याकडे.

माझ्या एकट्याच्या सहीने अहवाल वाटला गेला. सी विंगच्या लिफ्टमध्ये आता ते तीन ओळींचं वाक्य लॅमिनेट करून लावलंय, आणि खाली रोज सकाळी चार गाड्या निर्धास्त धुतल्या जातात.